भिजलेल्या साखरेची किंमत ३१ मार्चला किती धरायची?



या सदरात मी नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांवर लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गेल्या महिन्यात सणसर भागात एका शिवारबैठकीला गेलो होतो. हुमणीवर बोलून झाल्यावर एक जुने सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, उसाचं सांगितलंत ते ठीक. पण गोदामात पाणी शिरून साखर भिजली, तर ती हिशेबात कोणत्या भावानं धरतात? चांगल्या साखरेच्याच भावानं धरली तर अहवालात सगळं गोडच दिसायचं की!"

मी शेतकी खात्याचा माणूस. लगेच उत्तर देता आले नाही. परत आल्यावर चीफ अकाउंटंट साहेबांकडे दोन संध्याकाळी बसलो, गोदाम किपर आणि चीफ केमिस्ट यांच्याशीही बोललो. प्रश्न वाटतो तितका कारकुनी नाही. आपल्या अंतिम ऊस दराशी त्याचा थेट संबंध आहे. जे समजले ते इथे मांडतो.

आधी आपल्याच चाळीतला कांदा पाहू

समजा तुमच्या चाळीत कांदा आहे आणि क्विंटलमागे १,२०० रुपये खर्च होऊन तो तयार झाला आहे. बाजार १,८०० चा आहे. कोणी विचारले, "चाळीत किती रुपयांचा माल आहे?" तर शहाणा शेतकरी १,८०० चा भाव धरत नाही. विकून पैसे हातात येईपर्यंत नफा झाला असे तो मानत नाही. तो आपला घातलेला खर्च, म्हणजे १,२०० धरतो.

आता अवकाळी झाला, चाळीचा कागद फाटला आणि एका बाजूचा कांदा भिजला. व्यापारी म्हणतो, या कांद्याला ९०० देईन. पण त्या आधी तुम्हाला तो निवडायला बाया लावाव्या लागतील, नव्या गोण्या घ्याव्या लागतील, बाजारापर्यंत भाडे आणि हमाली-तोलाई द्यावी लागेल. या सगळ्याचे २०० धरले, तर हातात येणार ७००. भिजलेल्या कांद्याची खरी किंमत ७०० च. ९०० नव्हे आणि १,२०० तर नव्हेच.

या ७०० ला हिशेबाच्या भाषेत 'निव्वळ वसुली मूल्य' म्हणतात. माल नेहमीच्या व्यवहारात ज्या किमतीला विकला जाईल त्यातून तो विकण्याजोगा करण्याचा आणि विकण्याचा खर्च वजा करून उरणारी ही रक्कम. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया या संस्थेचे साठ्याच्या मूल्यांकनासाठी 'लेखा मानक २' आहे. ते प्रथम १९८१ मध्ये निघाले आणि १९९९ मध्ये सुधारले गेले. त्यातला मुख्य नियम एका ओळीचा आहे : शिल्लक माल खर्चाच्या किमतीला किंवा निव्वळ वसुली मूल्याला, या दोहोंत जी रक्कम कमी असेल तिला धरावा.

खर्चात काय येते तेही पाहा. ऊस दर, तोडणी-वाहतूक, गाळपाचे पगार, वाफ-वीज, रसायने आणि पोते, म्हणजे साखर तयार होऊन गोदामात थप्पी लागेपर्यंतचा खर्च. विक्रीचा खर्च त्यात येत नाही. तयार साखर सांभाळण्याचा खर्च आणि तारण कर्जाचे व्याज हेही सर्वसाधारणपणे येत नाही. पाण्याने झालेले नुकसान तर नाहीच. ते उरलेल्या चांगल्या साखरेवर चढवून तिचा 'खर्च' वाढवता येत नाही.

पाण्याने साखरेचे काय होते

किंमत ठरवायची तर आधी नुकसान किती प्रकारचे आहे हे कळले पाहिजे. सगळी भिजलेली साखर सारखी नसते, जसा सगळा जळीत ऊस सारखा नसतो. रात्री पेटलेला फड सकाळी गव्हाणीत पडला तर एक गोष्ट, चार दिवस तसाच उभा राहिला तर दुसरी.

छपराचा पत्रा उडून वरून पाणी पडले, तर वरचे थर भिजतात आणि पाणी फटीतून खाली उतरते. जमिनीवरून पाणी शिरले, तर तळाची पोती बुडतात आणि ओल हळूहळू वर चढते. दुसऱ्या दिवशी कोरडी दिसणारी पोतीही आठवड्यात दमट लागतात, ती यामुळे. म्हणून गोदाम किपर पहिल्या दिवशीच्या मोजणीवर विसंबत नाही.

नुसती दमट झालेली साखर वाळताना गठ्ठा धरते. तिचा रंग बहुधा टिकतो. गाठी फोडून, चाळून ती नव्या पोत्यात भरता येते. चिंब भिजलेल्या साखरेतला काही भाग विरघळून पाक होतो. तो पाक पोत्यातून वाहून जातो आणि उरलेल्या दाण्यांभोवती पातळ थर राहतो. या थरात साखरेचे विघटन होते, ती पुन्हा दाणा धरू शकत नाही अशा रूपात जाते, आणि पातळ पाकात किण्व वाढून आंबूस वास सुटतो. रंग पिवळट होतो. अशी साखर खाण्यासाठी विकता येत नाही. ती पुन्हा वितळवून, पाक स्वच्छ करून पॅनमध्ये उकळावी लागते. आणि शेवटी जी साखर चिखलात मिसळली, ती फक्त झाडून गोळा करता येते.

पोते बाहेरून पाहून प्रतवारी होत नाही. हात घालून गाठी पाहणे, वास घेणे आणि प्रयोगशाळेत ओलावा व रंग तपासणे हे तिन्ही करावे लागते. प्रत्येक थप्पीतून वरचे, मधले आणि तळाचे असे नमुने घ्यावेत.

एक हिशेब करून पाहू

पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. कोणत्याही कारखान्याचे ते प्रत्यक्ष आकडे नाहीत.

समजा ३ नंबरच्या गोदामात २०,००० क्विंटल साखर आहे, म्हणजे ५० किलोची ४०,००० पोती. तयार होण्याचा खर्च क्विंटलला ३,३०० रुपये. चालू विक्री भाव ३,६०० आणि विक्रीचा खर्च २०. म्हणजे चांगल्या साखरेचे निव्वळ वसुली मूल्य ३,५८० झाले. ते खर्चापेक्षा जास्त आहे, म्हणून साखर ३,३०० नेच धरायची. गोदामाची एकूण किंमत ६ कोटी ६० लाख.

१८ मार्चला वादळी पाऊस झाला आणि एका बाजूचे पत्रे उडाले. मोजणी, वजन आणि तपासणी होऊन साखरेचे पाच ढीग निघाले.

पहिला ढीग, पूर्ण कोरडी साखर, १८,४०० क्विंटल. इथे काहीच बदलत नाही. ३,३०० चा भाव कायम.

दुसरा ढीग, दमट होऊन गाठी धरलेली, १,००० क्विंटल. चाळून नव्या पोत्यात भरल्यावर तिला ३,४२० भाव मिळेल असा अंदाज. चाळणी, पोते आणि मजुरीचे ८०, विक्रीचे २०. निव्वळ वसुली ३,३२०. आता नीट पाहा. ही साखर खराब झाली, चांगल्या साखरेपेक्षा क्विंटलमागे २६० रुपये कमी मिळणार. पण ३,३२० ही रक्कम ३,३०० च्या खर्चाहून अजून जास्तच आहे. म्हणून इथे किंमत उतरवायची नाही. तुलना नेहमी आपल्या खर्चाशी करायची, हुकलेल्या भावाशी नाही. २६० रुपये गेले ते पुढच्या नफ्यातले गेले. ते विक्री होईल तेव्हा आपोआप दिसेल.

तिसरा ढीग, चिंब भिजून रंग गेलेली, ५०० क्विंटल. ही पुन्हा वितळवायची. वहीतल्या एका क्विंटलमागे ८५ किलो चांगली साखर परत मिळेल असे केमिस्ट सांगतात. ३,६०० च्या भावाने तिचे ३,०६० येतील. वितळवणे, उकळणे आणि नवी पोती यांचे ३४० आणि विक्रीचे २० वजा केले की उरतात २,७००. खर्च ३,३००. म्हणजे क्विंटलमागे ६०० ने किंमत उतरवायची. ५०० क्विंटलचे ३ लाख.

चौथा ढीग, झाडून गोळा केलेली, ४० क्विंटल. खाण्यासाठी निरुपयोगी. १,००० रुपयांनी कोणी घेईल, भरण्याचा आणि उचलण्याचा खर्च १००. निव्वळ ९००. क्विंटलमागे २,४०० उतरवायचे, एकूण ९६,०००.

पाचवा ढीग असा नाहीच. ६० क्विंटल साखर विरघळून गटारात गेली. हिचे मूल्य उतरवण्याचा प्रश्न येत नाही, कारण मालच नाही. ती साठ्याच्या वजनातूनच कमी करायची. ३,३०० प्रमाणे १ लाख ९८ हजारांचे नुकसान.

तिन्हींची बेरीज ५ लाख ९४ हजार. गोदामातल्या साठ्याची नवी किंमत ६ कोटी ५४ लाख ६ हजार. साखर साठा खाते तेवढ्याने कमी आणि तीच रक्कम त्या वर्षाच्या नुकसानीत. शेवटी नोंद इतकीच असते. खरे काम आधीचे पाच ढीग प्रामाणिकपणे पाडण्याचे आहे.

सरासरीत नुकसान कसे लपते

इथे एक पळवाट असते, आणि आमच्या त्या सभासदांचा संशय नेमका तिच्यावरच होता. कोणी असे म्हणू शकतो : अख्ख्या गोदामाचा एकत्र हिशेब करू. कोरडी साखर ३,५८० ने धरली तर एकट्या तिचेच ६ कोटी ५८ लाख ७२ हजार होतात. बाकीच्या ढिगांची निव्वळ वसुली मिळवली की एकूण ७ कोटी ५ लाख ७८ हजार. खर्च तर ६ कोटी ६० लाखच आहे. मग वसुली खर्चापेक्षा जास्त, किंमत उतरवायचे कारण नाही!

हिशेब बेरजेला बरोबर आहे, पण नियमाला धरून नाही. यात चांगल्या साखरेच्या न झालेल्या नफ्याने खराब साखरेचे झालेले नुकसान झाकले आहे. म्हणून लेखा मानक सांगते की तुलना जिनसवार करावी. एकाच जातीचा आणि एकाच उपयोगाचा माल एकत्र धरता येतो. पण खाण्याची साखर आणि पुन्हा वितळवायची साखर या आता दोन वेगळ्या जिनसा झाल्या, मग पोत्यावर एकच शिक्का का असेना.

आठ दिवसांची किंमत

तिसऱ्या ढिगाकडे परत येऊ, कारण खरा निर्णय तिथे आहे. साखर वितळवून पुन्हा उकळायला बाष्पकं आणि पॅन चालू लागतात, म्हणजे गाळप चालू लागते. वादळ १८ मार्चचे. समजा गाळप २५ मार्चला बंद होणार आहे. रोज ७०-७५ क्विंटल भिजलेली साखर थोडी थोडी करून प्रक्रियेत घेतली, तर सात दिवसांत ५०० क्विंटल संपते. एकदम घेतली तर पाकाचा रंग बिघडून चांगल्या साखरेची प्रत उतरते, म्हणून हप्त्यानेच घ्यावी लागते.

हे आठ दिवस पंचनाम्याच्या आणि पत्रव्यवहाराच्या घोळात गेले, तर ती साखर पुढच्या हंगामापर्यंत, म्हणजे सात-आठ महिने तशीच राहणार. मधे अख्खा पावसाळा. मग ८५ किलोऐवजी ७० किलोच परत मिळाली असे धरू. ७० किलोचे २,५२० रुपये, त्यातून ३६० वजा, उरले २,१६०. आता उतरवायची रक्कम क्विंटलला १,१४०, एकूण ५ लाख ७० हजार. म्हणजे आठ दिवसांच्या ढिलाईची किंमत २ लाख ७० हजार रुपये. तोडलेला ऊस बांधावर वाळत पडला की काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि हिशेबापुरते बोलायचे तर ३१ मार्चला कोणता आकडा धरायचा? 'वितळवली असती तर' मिळाला असता तो नव्हे. साखर गोदामातच पडून असेल, तर प्रत्यक्षात जे होणार आहे त्याचा, म्हणजे २,१६० चा. त्याआधी जशीच्या तशी घेणारा कोणी त्याहून जास्त निव्वळ रक्कम देत असेल आणि कारखाना खरोखर त्याला विकणार असेल, तर तो भाव. अंदाज असावा, पण तो कागदावरच्या पुराव्याचा असावा : निविदा, दरपत्रके आणि प्रयोगशाळेचा दाखला.

तारखेचा घोळ

आता आपल्या भागातली गोष्ट. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात बारामती-इंदापूर भागात किती पाऊस झाला ते सर्वांच्या लक्षात आहे. २५ मे रोजी पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, घरांत आणि शेतांत पाणी शिरले. समजा अशा दिवशी एखाद्या गोदामात पाणी शिरले. त्या वेळी ३१ मार्च २०२५ चे हिशेब अजून तयार व्हायचे होते, लेखापरीक्षण चालू होते. मग ते नुकसान मार्चच्या हिशेबात घ्यायचे का?

घ्यायचे नाही. ३१ मार्चला ती साखर कोरडी होती. तिचे मूल्य त्या दिवशीच्या स्थितीवर ठरते. पाणी नंतर आले, म्हणून नुकसान पुढच्या, म्हणजे २०२५-२६ च्या हिशेबात जाते. नुकसान फार मोठे असेल, तर मागच्या वर्षाच्या अहवालात त्याची माहिती देणे योग्य, पण आकडा बदलायचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा-कृष्णेच्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे काही गोदामांतली साखर भिजली, तिथेही तारखेचा न्याय हाच.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या उदाहरणात वादळ १८ मार्चचे होते. झाडून काढलेल्या साखरेची निविदा मात्र २० एप्रिलला उघडली आणि भाव १,००० निघाला. हा एप्रिलचा भाव मार्चच्या हिशेबात वापरायचा, कारण नुकसान ३१ मार्चपूर्वीच झाले होते आणि निविदेने ते किती होते एवढेच दाखवले. थोडक्यात, पाणी कधी आले हे पाहायचे. भाव कधी कळला हे दुय्यम.

आणि मे महिन्यात भिजलेली साखर पुढच्या ३१ मार्चपूर्वी विकून किंवा वितळवून संपली असेल, तर शिल्लक साठाच नाही, मग मूल्य उतरवण्याची वेगळी नोंदही दिसणार नाही. नुकसान कमी विक्रीतून आणि कमी उताऱ्यातून दिसेल. अहवालात नोंद नाही म्हणजे काही लपवले, असे लगेच समजू नये.

विमा आहे ना!

हे वाक्य बैठकीत हमखास ऐकू येते. विमा आहे हे खरे, पण विम्याचा दावा आणि साखरेची किंमत हे दोन वेगळे हिशेब आहेत. साखर भिजली हे आज घडले आहे, ते आज लिहायचे. विम्याचे पैसे मिळणे ही पुढची गोष्ट, ती मिळणे जवळजवळ निश्चित होईल तेव्हाच जमेस धरायची. सर्वेअर येऊन गेला किंवा दावा दाखल केला, एवढ्याने ते निश्चित होत नाही. कंपनीने दावा मान्य करून रक्कम कळवली, तर गोष्ट वेगळी.

दावा पूर्ण मिळेल असेही नाही. गोदामात ६ कोटी ६० लाखांचा माल आणि विमा ४ कोटी ९५ लाखांचाच, म्हणजे पाऊण भागाचाच असेल, तर सरासरीच्या अटीप्रमाणे नुकसानीचाही पाऊण भागच मिळतो. छप्पर आधीपासून गळके होते असे दिसले, तर कंपनी हरकत घेते. वादळाने पत्रा उडणे आणि जुन्या भोकातून पाणी झिरपणे यांत ती फरक करते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर छपराची तपासणी करून तिची नोंद ठेवणे हे गोदाम किपरचे काम दाव्याच्या वेळी उपयोगी पडते.

सर्वेअरने पाहण्याआधी माल हलवला तर वाद होतो, आणि न हलवला तर साखर आंबते. यावर उपाय एकच : त्याच दिवशी लेखी कळवायचे, फोटो आणि सीलबंद नमुने ठेवायचे, वजनाचा तक्ता करायचा आणि कंपनीची संमती घेऊन थप्पी वेगळी करायची.

बँकेचे कुलूप

गोदामातली साखर बहुधा बँकेकडे तारण असते. बँक पोत्याचे मूल्यांकन ठरवते, त्यातून दुरावा राखून उचल देते. समजा मूल्यांकन ३,४०० आणि दुरावा १५ टक्के. उचल झाली २,८९०. तिसऱ्या ढिगाची निव्वळ वसुली मात्र २,७००. म्हणजे त्या साखरेवर तिच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज उभे आहे. भिजलेली साखर चांगल्या भावाने साठापत्रकात दाखवत राहिले, तर हा खड्डा दिसत नाही. तो साखर उचलायच्या दिवशी दिसतो, आणि तेव्हा पैसे उसाच्या बिलातून काढावे लागतात. म्हणून बँकेला त्याच दिवशी कळवणे आणि तेवढी पोती तारणातून वेगळी करून घेणे हेच हिताचे. वितळवण्यासाठी साखर हलवायलाही बँकेची परवानगी लागतेच.

सभासदाचा यात काय संबंध?

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्रात २०१३ च्या ऊस दर नियमनाच्या कायद्याने उत्पन्नाच्या ७०:३० वाटणीचे सूत्र आणले. त्या हिशेबाचा पाया साखरेचे आणि उपपदार्थांचे उत्पन्न आहे. शिल्लक साठा जास्त किमतीला धरला, तर त्या वर्षाचे चित्र फुगते. त्या फुगलेल्या आकड्यावर दर किंवा लाभांश दिला, तर न आलेला पैसा वाटला जातो. पुढच्या वर्षी ती साखर कमी भावात जाते आणि तोटा त्या वर्षीच्या उसाच्या माथी बसतो.

तुम्ही म्हणाल, ऊस घालणारे तेच आम्ही, या खिशातून त्या खिशात. तसे नसते. एका वर्षी आडसाली लागण केलेल्याचा ऊस पुढच्या वर्षी नसतो. कोणी ऊस मोडून डाळिंब किंवा द्राक्ष लावतो. कोणी नवा सभासद होतो. पाणी ज्या वर्षी आले, नुकसान त्याच वर्षाच्या सभासदांनी वाटून घ्यावे, हे न्यायाचे. उलटही तितकेच खरे. घाबरून सगळ्याच भिजलेल्या साखरेची किंमत निम्म्यावर आणली, तर यंदाच्या सभासदाचा दर कापून पुढच्या वर्षीच्याला नफा दिल्यासारखे होते. दमट साखरेच्या दुसऱ्या ढिगाची किंमत आपण उतरवली नाही, ती यासाठीच.

पुढच्या ३१ मार्चला काही खराब साखर शिल्लक राहिलीच, तर तिचा अंदाज नव्याने करायचा. भाव सुधारला तर किंमत वर येऊ शकते, पण मूळ खर्चाच्या वर कधीच नाही.

वार्षिक अहवाल हातात आला की शिल्लक साखरेची नोंद काढा. पोती किती आणि क्विंटलचा दर किती, हे पाहा. वर्षात गोदामाचे नुकसान झाल्याचे सर्वांना माहीत आहे आणि तरीही सगळा साठा एकाच दराने धरला आहे, तर सभेत विचारा : खराब साखर किती क्विंटल होती, ती ३१ मार्चपूर्वी संपली की शिल्लक होती, आणि शिल्लक होती तर तिचा दर कोणत्या पुराव्यावर ठरवला? विम्याची रक्कम 'येणे' दाखवली असेल, तर कंपनीचे मान्यतेचे पत्र आले आहे का तेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे तक्त्यावरून दोन मिनिटांत देता येतात. तक्ताच नसेल, तर तेही तुम्हाला तिथेच कळेल.

सणसरच्या त्या सभासदांना मी हे सगळे समजावून सांगितले. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे जळीत उसासारखंच. काटा करायचा, कपात किती ते सांगायचं, आणि ज्या दिवशी जळाला त्याच दिवशी लिहायचं." चीफ अकाउंटंट साहेबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की यात घालण्यासारखे काही उरले नाही.

— ऊस विकास अधिकारी